रेणूंचा खेळ: मैदानावर उतरण्याआधीची तयारी

सहावी-सातवीच्या मुलांना रेणू बनवून स्थायू, द्रव आणि वायू या अवस्था मैदानावर दाखवायच्या असतील, तर शिट्टी आणि ताशा शोधण्याआधी मोजपट्टी काढावी, कारण हा खेळ फसतो तो बहुधा अंतरांत. पहिल्या वेळी मी मुलांना "आता द्रव व्हा, सैल व्हा" एवढेच सांगितले आणि ती हातभर अंतरावर पांगली, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मग वितळल्यावर सगळं भांड्याबाहेर सांडायला पाहिजे ना?" तिचे बरोबर होते. द्रवातले रेणू स्थायूइतकेच जवळजवळ असतात. फरक एवढाच, की ते आपली जागा सोडून एकमेकांच्या बाजूने सरकू शकतात.

म्हणून आदल्या संध्याकाळी फक्कीने चौकटी आखून घ्याव्यात. छत्तीस मुले असतील तर स्थायूसाठी 3 मीटर बाजूचा चौरस पुरतो: सहा ओळी, प्रत्येकीत सहा मुले, दोघांमध्ये अर्धा मीटर. बहुतेक पदार्थ वितळताना थोडेच फुगतात, तेव्हा द्रवाची चौकट दहा-अकरा टक्क्यांनी मोठी, म्हणजे 10 चौरस मीटरची घ्यावी. द्रव भांड्याचा आकार घेतो हे दाखवायला अशा दोन चौकटी लागतात. एक 4 मीटर बाय अडीच, दुसरी 5 मीटर बाय 2. भांडे म्हणून दोरीचे कडे वापरण्याचा मोह टाळावा, कारण दोरीची लांबी कायम राहिली तरी आतली जागा कायम राहत नाही. 13 मीटर दोरी 4 बाय अडीच अशी धरली तर आत 10 चौरस मीटर मिळतात, पण तीच साडेपाच बाय एक अशी ओढली की साडेपाचच उरतात, मुले चेंगरतात आणि द्रव दाबून निम्मा करता येतो असा उलटाच धडा मिळतो.

वायूचा हिशेब मात्र मैदानाला झेपत नाही. उकळत्या पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे 1600 पट जागा लागते, म्हणजे दोन रेणूंमधले अंतर जवळजवळ बारापट होते. अर्ध्या मीटरचे बारापट सहा मीटर धरले, तर छत्तीस मुलांना 36 मीटर बाजूचे मैदान लागेल. त्याऐवजी चारच मुले घ्यावीत आणि त्यांना 13 बाय 10 मीटरचे कबड्डीचे मैदान द्यावे. प्रमाण जवळपास जुळते. बाकीची बत्तीस मुले कडेला बसून ती रिकामी जागा पाहतात, आणि खरे तर पाहण्यासारखी तीच असते.

पदार्थही आधी ठरवावा. बर्फ हे सहज सुचणारे उदाहरण आहे, पण तो वितळताना उलट आकसतो, त्यामुळे स्थायूकडून द्रवाकडे जाताना तो गोंधळ घालतो. नागपुरात डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेल बाटलीत गोठलेले असते आणि उन्हात ठेवले की दुपारपर्यंत पातळ होते. ती बाटली परिपाठानंतर मुलांच्या हाती द्यावी. वाफेच्या वेळी पाण्याकडे वळलो आहोत हे मात्र मुलांना स्पष्ट सांगावे. खेळही हिवाळ्यातच उरकावा. एप्रिलच्या उन्हात इथे मैदानावर कोणी टिकत नाही.

ताशा वाजवणाऱ्याशी स्वतंत्र बोलून घ्यावे. ठोक्यांचा वेग म्हणजे तापमान. स्थायूत पाय जागेवर ठेवून मुले ठोक्यागणिक फक्त थरथरतात, आणि तापवताना ठोके वाढतात. पण पदार्थ वितळू लागला की ठोके वाढवायचे नाहीत, कारण वितळण्याच्या वेळी दिलेली उष्णता बंध सैल करण्यात खर्च होते आणि सगळा पदार्थ वितळेपर्यंत तापमान तेवढेच राहते. वाजवणाऱ्याला नेमका तिथेच जोर चढतो. स्थायूत मुलांनी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना धरून राहावे. द्रवात एका तरी शेजाऱ्याच्या खांद्याला हात लागलेला असावा, शेजारी मात्र बदलत राहावा. वायूत कोणाला धरायचे नाही, सरळ रेषेत भराभर चालायचे आणि रेषेला किंवा दुसऱ्याला तळहात टेकला की दिशा बदलायची. धावू देऊ नये. मुरमाच्या मैदानावर गुडघे फुटतात.

खेळ जमला की नाही हे पाहायला पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात एका शिक्षकाला फोन घेऊन उभे करावे आणि शिट्टी वाजताच मुलांना स्टॅच्यू करावे. स्थायू आणि द्रव यांच्या फोटोंत घोळक्याचा आकार जवळपास सारखा दिसला पाहिजे, फक्त ओळी मोडलेल्या. वायूच्या फोटोत चौघेही एकाच दिशेने गोल फिरताना आढळले, तर ती प्रदक्षिणा झाली. तो भाग पुन्हा घ्यावा.

या फोटोवर "मधे काय आहे?" असे विचारले, की "हवा" हे उत्तर हमखास येते. हवासुद्धा रेणूंचीच असते आणि रेणूंच्या मधे काहीच नसते, हे सांगायची तयारी ठेवावी, आणि वायूचा डाव चालू असताना शिक्षकांनी रेषेच्या आत फिरू नये, नाहीतर फोटोत पाचवा रेणू मोजला जातो.