एक धक्का, तीन लॅम्बडा: व्होलॅटिलिटीचा अंदाज कुठे फाटे फोडतो

बीकेसी किंवा लोअर परळच्या एखाद्या रिस्क डेस्कवर नव्याने बसणार असाल, तर एनएसईची रोजची व्होलॅटिलिटीची फाइल आधी एकदा नीट उघडून बघा. तिच्या रकान्यांच्या मथळ्यातच अख्खं सूत्र छापलेलं असतं:

```
E = Sqrt(0.995*D*D + 0.005*C*C)
```

C म्हणजे आजचा लॉग परतावा, D म्हणजे कालची व्होलॅटिलिटी, E म्हणजे आजची. कालच्या व्हेरिअन्सचा, म्हणजे व्होलॅटिलिटीच्या वर्गाचा, मोठा हिस्सा ठेवायचा आणि त्यात आजच्या परताव्याच्या वर्गाची चिमूटभर भर घालायची, एवढंच गणित. या पद्धतीला घातांकी सरासरी म्हणतात आणि ठेवलेल्या हिश्शाला लॅम्बडा. याच फाइलमध्ये पूर्वी ०.९४ आणि ०.०६ हे आकडे असत. जे. पी. मॉर्गनने १९९४ मध्ये रिस्कमेट्रिक्स जाहीर केलं, त्यात रोजच्या परताव्यांसाठी ०.९४ सुचवला होता, आणि पुस्तकांत तो अजूनही सगळीकडे दिसतो.

०.९४ आणि ०.९९५ दिसायला शेजारीशेजारी आहेत. पण एखाद्या दिवसाचं वजन अर्ध्यावर यायला ०.९४ ला साधारण ११ व्यवहारदिवस लागतात, ०.९७ ला २३ आणि ०.९९५ ला १३८. पहिल्याची आठवण पंधरवड्याची, शेवटच्याची सहा महिन्यांहून जास्त. म्हणून लॅम्बडा वाचताना तो १ पासून किती दूर आहे ते बघायची सवय लावा.

आता एक धक्का देऊन बघू. ४ जून २०२४ ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, निफ्टी २३,२६३.९० वरून २१,८८४.५० वर आला, म्हणजे लॉग परतावा उणे ६.११ टक्के. हिशेब सोपा राहावा म्हणून आदल्या दिवशीची व्होलॅटिलिटी रोजची १ टक्का होती असं धरू, आणि पुढचे सगळे दिवसही १ टक्क्याच्या चालीचे मानू. (प्रत्यक्षात दुसऱ्याच दिवशी निफ्टी ३.३६ टक्के वर गेला.)

नेमक्या ६.११२ चा वर्ग ३७.३६. लॅम्बडा ०.९४ धरला तर नवा व्हेरिअन्स ०.९४ × १ + ०.०६ × ३७.३६ = ३.१८, म्हणजे उद्याचा अंदाज १.७८ टक्के. ०.९७ ने तोच १.४५ येतो आणि ०.९९५ ने फक्त १.०९. बाजार तोच, दिवस तोच, पण एक मॉडेल म्हणतं जोखीम पाऊणपट वाढली आणि दुसऱ्याला जेमतेम चाहूल लागते.

पुढे काय होतं ते नवखे बऱ्याचदा बघत नाहीत. वीस दिवसांनी ०.९४ चा अंदाज १.२८ वर उतरलेला असतो आणि ०.९७ चा १.२६ वर. बाविसाव्या दिवसाच्या आसपास दोन्ही रेषा एकमेकींना ओलांडतात. चाळिसाव्या दिवशी ०.९४ म्हणतो १.०९, ०.९७ म्हणतो १.१५. म्हणजे 'लहान लॅम्बडा जास्त सावध' हे अर्धंच खरं. तो घाबरतो लवकर आणि विसरतोही लवकर. मार्जिन रोज उड्या मारू नये असं वाटत असेल तर ०.९९५ समजण्यासारखा आहे. पण उद्याच्या व्हॅल्यू अॅट रिस्कसाठी, म्हणजे एका दिवसाच्या तोट्याच्या अंदाजी मर्यादेसाठी, तोच आकडा उचललात, तर धक्क्यानंतरच्या आठवड्यात मर्यादा वारंवार मोडताना दिसेल.

गार्च इथे कामाला येतो. रॉबर्ट एंगल यांच्या १९८२ च्या आर्च मॉडेलवरून टिम बोलरस्लेव्ह यांनी १९८६ मध्ये तो मांडला. त्यात तिसरं पद असतं, ओमेगा, आणि त्याच्यामुळे अंदाजाला परतायला घर मिळतं:

```
h[t+1] = omega + alpha*r[t]^2 + beta*h[t]
```

h म्हणजे व्हेरिअन्स, r म्हणजे परतावा. अल्फा ०.०६, बीटा ०.९१, ओमेगा ०.०३ घ्या. दीर्घकालीन व्हेरिअन्स ०.०३ ÷ (१ − ०.९७) = १. त्याच धक्क्यानंतर उद्याचा व्हेरिअन्स ०.०३ + २.२४ + ०.९१ = ३.१८. म्हणजे ०.९४ च्या घातांकी सरासरीइतकाच! उद्यापुरतं पाहिलं तर दोघांत काहीच फरक नाही.

फरक पडतो तो मुदत वाढवली की. घातांकी सरासरीला घर नाही. आजच्या दिवशी ती पुढच्या प्रत्येक दिवसासाठी ३.१८ च सांगते, त्यामुळे २० दिवसांचा अंदाज ७.९८ टक्के आणि ६० दिवसांचा १३.८२. गार्चमध्ये जादाचा भाग रोज ०.९७ पट होत जातो, त्यामुळे २० दिवसांना ७.२९ आणि ६० दिवसांना ११.००. इथे दोन वेगळे ऱ्हास आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. जुन्या परताव्याचं वजन किती वेगाने घटतं ते बीटा ठरवतो. अंदाज दीर्घकालीन पातळीकडे किती वेगाने परततो ते अल्फा आणि बीटाची बेरीज ठरवते. घातांकी सरासरीत ही बेरीज नेमकी १ असते, म्हणून तिचा अंदाज जागचा हलत नाही.

गार्च बसवताना याच बेरजेवर नजर ठेवा. नमुन्यात मार्च २०२० सारखा काळ आणि त्याआधीची शांत वर्षं एकत्र आली, की पातळीतला तो बदल मॉडेल चिवटपणा समजतं आणि बेरीज ०.९९ च्या पुढे सरकते. मग ओमेगा जवळजवळ शून्य, आणि दीर्घकालीन व्हेरिअन्स म्हणजे एका इवल्याशा संख्येला दुसऱ्या इवल्याशा संख्येने भागणं. नमुन्यातून तीन महिने काढून पुन्हा बसवा. तो आकडा दीडपट-दुप्पट हलला, तर ६० दिवसांच्या अंदाजावर भिस्त ठेवू नका. परतावे टक्क्यांत द्या. दशांशात दिले की व्हेरिअन्स ०.०००१ च्या घरात जातो आणि ऑप्टिमायझर अडखळतो.

पायथॉनमध्ये घातांकी सरासरी एका ओळीची आहे, पण त्या ओळीत तीन खड्डे आहेत:

```python
v = (r**2).ewm(alpha=0.06, adjust=False).mean().shift(1)
```

`ewm(0.94)` असं लिहिलंत तर पांडाज त्या आकड्याला `com` समजतं आणि खरा लॅम्बडा ०.४८ च्या आसपास पडतो. रेषा करवतीच्या दातांसारखी दिसली की ओळखा. `adjust=False` नसेल तर सुरुवातीची वजनं सूत्राप्रमाणे राहत नाहीत. `shift(1)` राहिलं तर आजच्या अंदाजात आजचाच परतावा शिरतो आणि बॅकटेस्ट संशय यावा इतकी छान येते. शिवाय सुरुवातीला धरलेल्या व्हेरिअन्सचा प्रभाव १ टक्क्यावर यायला ०.९४ ला ७५ दिवस पुरतात, ०.९९५ ला मात्र ९१९, म्हणजे पावणेचार वर्षांचा डेटा.

किमती समायोजित आहेत का तेही आधीच तपासा. १:१ बोनसनंतर न जुळवलेला भाव निम्मा दिसतो, म्हणजे लॉग परतावा उणे ६९ टक्के. ०.९९५ मध्ये ही एकच ओळ १ टक्क्याची व्होलॅटिलिटी ५ टक्क्यांवर नेते, आणि व्हेरिअन्समधला तो फुगवटा अर्धा व्हायलाही १३८ दिवस लागतात.

लॅम्बडा निवडताना ०.९० ते ०.९९५ मधले दहाबारा आकडे घ्या आणि नमुन्याबाहेरच्या दिवसांवर `log(v) + r²/v` ची सरासरी काढा. कमी असेल तो चांगला. नुसत्या वर्गचुका मोजल्या तर परताव्याचा चौथा घात येतो आणि एकटा २३ मार्च २०२० हा १३ टक्क्यांच्या पडझडीचा दिवस सगळा निकाल ठरवून टाकतो. अंदाज २० दिवसांचा वापरणार असाल तर चाचणीही पुढच्या २० दिवसांच्या वर्गांच्या बेरजेवर करा. पण १,००० दिवसांत असे स्वतंत्र तुकडे ५० च निघतात, त्यामुळे ०.९५ आणि ०.९६ मध्ये दिसणारा बारीक फरक हा बहुतेक वेळा योगायोग असतो, ०.९४ आणि ०.९९५ मधला सहसा नसतो.