सिनियरने ओळख करून दिली, पुढे सगळं थंड पडलं? या चुका टाळा

कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपमधला एक सिनियर, त्याच्याशी झालेले मोजून पाच मेसेज, आणि तेवढ्या जोरावर त्याने नागपूरच्या मिहानमधल्या एका टीम लीडला मेल टाकला: "आमच्या कॉलेजचा ज्युनियर आहे, रिझ्युमे जोडलाय, जमल्यास बोलून घ्या." माझ्याकडे आलेल्या एका मुलाचं इथवर सगळं नीट होतं. बिघडलं ते त्याच्या उत्तरात.

त्याने लीडला लिहिलं, "दादा मला चांगलं ओळखतात, माझ्या कामाबद्दल तेच सांगतील." लीडने दादाला फोन लावला. दादा बिचारा काय सांगणार? "अहो, मी त्याला भेटलोही नाही!" झालं. खोटेपणाचा डाग लागला तो मुलाला, अवघडला मात्र दादा.

ओळख जेवढी आहे तेवढीच सांगा. "आमची फारशी ओळख नाही. ग्रुपवर मी टेस्टिंगच्या कामाबद्दल विचारलं होतं, त्यावरून त्यांनी तुमच्याशी जोडून दिलं" हे वाक्य चालतं. लीडलाही कळतं, की पारख आपल्यालाच करायची आहे. म्हणून पुढच्याच ओळीत काहीतरी पारखता येईल असं द्या: कोणता प्रोजेक्ट, त्यात तुमचा हात नेमका किती. आणि मागायचं काय, तर पंधरा मिनिटांचा कॉल. "कुठेही लावून द्या सर" नको.

उत्तर त्याच मेलवर, शक्यतो त्याच दिवशी द्या. पहिल्या ओळीत दादाचे आभार माना, "तुम्हाला बीसीसीत घेतोय" असं लिहा आणि खरंच घ्या. तो एवढा मेल त्याला दिसतो, पुढची वेळ ठरवाठरवी त्याच्या इनबॉक्समध्ये येत नाही. त्या मुलाने नवा मेल सुरू केला होता, त्यात दादाला घेतलंच नव्हतं. असा मेल अनोळखी अर्जांच्या ढिगात जातो.

आणखी एक घाई अंगाशी येते. ओळख झाल्या झाल्या पोरं कंपनीच्या पोर्टलवर स्वतःच अर्ज भरून टाकतात. बऱ्याच कंपन्यांत उमेदवार आधीच नोंदलेला असेल, तर कर्मचाऱ्याचं रेफरल धरलं जात नाही. लीडला आधी विचारा, "अर्ज मी भरू, की तुम्ही रेफर कराल?"

उत्तर नाही आलं तर? पाच-सहा कामाचे दिवस थांबा आणि त्याच मेलखाली दोन ओळी लिहा. दिवाळीचा आठवडा असेल तर तो धरू नका. आणखी आठवडाभराने एकदा, मग बस. दादाला "सरांना जरा आठवण करा ना" म्हणून पिटाळू नका, पाच मेसेजच्या ओळखीत तेवढी उधारी बसत नाही. त्याला फक्त कळवा: "दादा, दोनदा लिहिलं, उत्तर नाही आलं. तुम्ही काही करायला नको, कळवून ठेवलं."

त्या मुलाने हा मेसेज टाकला, आधी माफी मागून. दादाचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं: "रविवारी धरमपेठेत आहे, चहाला ये. आधी भेटू तर खरं."