पाच फोटो, पाच कोडी आणि दुसऱ्या बरोबर उत्तराचा सापळा

शाळेच्या वार्षिकांकात फोटोकोडी टाकायची ठरली की सगळे आधी फोटो गोळा करायला धावतात. नवीन संपादक मंडळाला पहिलीच सूचना: तसं करू नका. आधी उत्तर लिहा, मग त्या उत्तराला लागणाऱ्या खुणा ठरवा आणि शेवटी त्या खुणा दिसतील असा फोटो काढा. उलट क्रमाने गेलात तर फोटो छान येतो, पण कोड्याला दोन उत्तरं निघतात आणि दोन्ही बरोबर असतात. मग अंक छापून झाल्यावर सातवीतली एखादी मुलगी येऊन शांतपणे विचारते, 'बाई, हे पण चालेल ना?' चालतं, आणि तिथे कोडं संपतं.

सोपं कोडं पहिलं ठेवा. उदाहरणार्थ, फोटो आरशासारखा उलटा छापायचा आणि विचारायचं, 'हा फोटो सुलटा की उलटा?' पाट्या, नंबरप्लेट, घड्याळ फ्रेमच्या बाहेर ठेवा, नाहीतर कोडं राहतच नाही. फेरीबोटीवर सायकल धरून उभा असलेला माणूस पुरेसा आहे. सायकलची साखळी बसणाऱ्याच्या उजव्या बाजूला असते आणि पुरुषांच्या शर्टाचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला. फोटोत दोन्ही विरुद्ध दिसले तर फोटो उलटा. खुणा दोन हव्यात, कारण उजवीकडे खिसा शिवून घेणारा एखादा असतोच. पण खिसाही चुकीच्या बाजूला आणि साखळीही, असं सहसा होत नाही.

दुसरं कोडं जवळून काढलेल्या फोटोचं. जुन्या गोवेकर घराच्या खिडकीचा एकच चौकोन आतून, बाहेर ऊन असताना टिपायचा. प्रश्न: 'हे कशाचं आहे?' पहिलं उत्तर येतं ते धुरकट काचेचं, मग तेलकट कागदाचं, आणि एखादा हुशार मुलगा अभ्रक म्हणतो. तिघांतूनही उजेड येतो आणि पलीकडचं स्पष्ट दिसत नाही, म्हणून एवढ्यावर उत्तर ठरत नाही. ठरवतात त्या चौकोनात दिसणाऱ्या बारीक कमानीसारख्या रेषा, एकीबाहेर एक. प्राणी वाढत गेला तसे कवचाला चढलेले हे थर आहेत. काचेत, कागदात किंवा अभ्रकात त्या नसतात. म्हणून हा शिंपला. त्या रेषा छपाईत टिकल्या नाहीत तर हे कोडं सरळ काढून टाका, त्यात गुंतू नका.

तिसरं कोडं नदीकाठच्या खाजन शेताच्या बांधातल्या मानशीचं, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याच्या दारांच्या चौकटीचं. दारं मिटलेली आहेत, एका बाजूला पाणी वर आणि दुसऱ्या बाजूला खाली. नदी कुठल्या बाजूला? मानशीची दारं नदीकडेच उघडतात. ओहोटीला शेतातलं पाणी त्यांना बाहेर ढकलतं आणि ती उघडतात. भरतीला नदी वर चढते, दारं चौकटीवर दाबली जातात आणि मिटतात. म्हणजे दार पाण्याच्या दाबाने मिटलेलं असेल तर जास्त पाण्याची बाजू नदीची. पण चौकटीत आडव्या फळ्या घालून पाणी मुद्दाम अडवलं असेल तर हा तर्क लागू पडत नाही. त्यामुळे फळ्या नसलेली मानस निवडा आणि फोटोत दोन्ही बाजूंची पातळी येऊ द्या.

चौथ्या कोड्यापासून सापळा खरा जाणवायला लागतो. मांडवी नदीत नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, एकाच नांगरावर उभी असलेली होडी. प्रश्न: 'भरती की ओहोटी?' फोटो पणजीच्या काठावरून काढला आणि पलीकडे बेती दिसतंय, म्हणजे आपण उत्तरेकडे पाहतोय आणि समुद्र डाव्या हाताला आहे. नांगरलेली होडी प्रवाहाकडे तोंड करून राहते. नाळ डावीकडे असेल तर पाणी डावीकडून, समुद्राकडून येतंय, म्हणून भरती. तर्क सुंदर आहे आणि अर्धवट आहे. दुपारी समुद्राकडून वारा येतो आणि हलकी होडी वाऱ्याकडेही तोंड करते. मग ओहोटी असतानासुद्धा नाळ डावीकडे राहू शकते. म्हणून फ्रेममध्ये पाण्यात रोवलेला खांब किंवा पुलाचा खांब हवाच. त्याच्या ज्या बाजूला पाणी आदळून किंचित उचलतं तिकडून प्रवाह येतो, आणि दुसऱ्या बाजूला भोवऱ्यांची शेपटी लांबत जाते. शेपटी उजवीकडे असेल तर भरती पक्की. हा फोटो पावसाळ्यात काढू नका, तेव्हा नदीला वरून आलेलं पाणी भरतीचा हिशोब बिघडवतं.

आता पाचवं, सावलीचं कोडं. इथे जरा जास्त वेळ थांबू, कारण भूगोलाचा चांगला अभ्यास असलेले लोकही इथेच फसतात.

फोटो असा: शाळेच्या मैदानावर उभी रोवलेली १ मीटरची काठी, जमिनीवर खडूने काढलेला उत्तरेचा बाण, सावलीशेजारी मोजपट्टी. सावली ८ सेंटीमीटर आणि ती थेट दक्षिणेला पडली आहे. प्रश्न: 'फोटो कुठल्या महिन्यातला?'

पाठ केलेलं वाक्य असतं की भारतात दुपारची सावली उत्तरेला पडते. गोव्यात ते वर्षभर खरं नाही. पणजीचं अक्षांश सुमारे १५.५ अंश उत्तर. मे महिन्याच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, नंतर आपल्या उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या १० तारखेच्या आसपास पुन्हा डोक्यावर येऊन दक्षिणेकडे जातो. या मधल्या काळात माध्यान्हाची सावली दक्षिणेला पडते. २१ जूनला ती सर्वात लांब, म्हणजे १ मीटर काठीला सुमारे १४ सेंटीमीटर. तुलनेला २२ डिसेंबरची सावली घ्या: उत्तरेला, सुमारे ८१ सेंटीमीटर.

दक्षिणेला ८ सेंटीमीटर म्हणजे सूर्य माथ्यापासून उत्तरेला साडेचार अंश. १५.५ मध्ये ४.५ मिळवले की २०. सूर्य २० अंश उत्तरेवर असतो २० मेच्या सुमारास, आणि परत येताना २३ जुलैच्या सुमारास. इथेच दुसरं बरोबर उत्तर उभं राहतं. सूर्य प्रत्येक जागी जाताना एकदा आणि येताना एकदा असतो, म्हणून नुसत्या सावलीवरून महिना कधीच एक निघत नाही. अपवाद फक्त २१ जून आणि २२ डिसेंबरच्या आसपासचे दिवस. हे एकदा डोक्यात बसलं की सावलीचं कुठलंही कोडं तपासता येतं.

म्हणून फोटोत ऋतूची खूण लागते. कुंपणापलीकडे पाणी साचलेल्या शेतात भाताची ताजी लावणी दिसू द्या. वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताचं, पीक मेच्या आधीच कापून झालेलं असतं आणि पावसाळी भाताची लावणी पाऊस धरल्यावर होते. म्हणजे मे बाद, जुलै उरतो. नुसतं हिरवं गवत चालणार नाही, वळवाच्या दोन सरींनी मेमध्येही ते उगवतं.

दुसरी फसगत घड्याळाची. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतं, गोवा ७३.८ वर आहे. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सुमारे ३५ मिनिटांचा फरक, आणि वर्षभरात त्यात थोडी भर किंवा घट होते. २३ जुलैला पणजीचा खरा माध्यान्ह १२ वाजून ४१ मिनिटांच्या आसपास येतो. घड्याळात १२ वाजलेले पाहून फोटो काढलात तर सावली सुमारे १९ सेंटीमीटर भरेल आणि दक्षिणेऐवजी बरीचशी पश्चिमेकडे वळलेली असेल. सगळं गणित त्या फोटोवर उभं राहिलं की उत्तर चुकणारच, आणि चूक शोधताना लोक अक्षांश तपासत बसतात. सूर्य माथ्याजवळ असताना सावली फार भराभर फिरते. माध्यान्हानंतर १० मिनिटांत ती या दिवसांत सुमारे २८ अंश पूर्वेला वळते. तेव्हा १२ वाजून २५ मिनिटांपासून १२ वाजून ५५ पर्यंत दर ५ मिनिटांनी फोटो काढा आणि सर्वात आखूड सावलीचा निवडा. ढगांमुळे एखादा दिवस वाया जाईल, जाऊ दे. जुलैत उघडीप मिळते, दोन-तीन दुपारी राखून ठेवा.

काठी ओळंब्याने उभी करा. ती १ अंश कलली तरी सावलीत पावणेदोन सेंटीमीटरचा फरक पडतो, आणि या काळात तो साधारण पाच दिवसांची चूक देतो. सावलीचं टोकही सेंटीमीटरभर पुसट असतं, कारण सूर्य हा ठिपका नसून तबकडी आहे. म्हणून प्रश्नात तारीख विचारू नका, महिनाच विचारा.

उत्तर असं छापा: 'सावली दक्षिणेला आहे, म्हणून सूर्य आपल्या उत्तरेला, म्हणून मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या १० तारखेपर्यंतचा काळ. लांबी ८ सेंटीमीटर, म्हणून मेचा तिसरा आठवडा किंवा जुलैचा चौथा. मागे भाताची लावणी, म्हणून मे नाही. उत्तर: जुलै.' प्रत्येक वाक्यात एक दिसणारी गोष्ट आणि तिच्यामुळे बाद झालेली एक शक्यता. ज्या पायरीत काहीच बाद होत नाही ती शोभेची आहे, काढून टाका.

तपासणीसाठी कोडं भूगोलाच्या सरांना देऊ नका. त्यांना उत्तर आधीच माहीत असतं, त्यामुळे फोटोत नसलेली खूणही ते मनाने भरतात. आठवीतल्या तिघांना वेगवेगळं बसवा आणि उत्तराबरोबर 'हे कशावरून?' हेही लिहून घ्या. दोघांनी तुमच्या मनात नसलेलं पण पटणारं उत्तर दिलं तर फोटो बदला, प्रश्नाचे शब्द फिरवून भागवू नका. नेटवरचे फोटो घेण्याचा मोह तर नकोच. तो कुठे, किती वाजता, कुठल्या बाजूने काढला हे तुम्हाला ठाऊक नसतं, मग उत्तर कशाच्या जोरावर लिहिणार?

छपाईचं थोडक्यात. ८ सेंटीमीटर रुंद छापायच्या फोटोला ३०० डीपीआयने साधारण ९५० पिक्सेल रुंदी लागते, आणि कुठलाही फोन ती देतो. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवरून साधा पाठवला की दबतो आणि शिंपल्याच्या रेषा किंवा खांबामागची शेपटी पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. अंक काळ्या-पांढऱ्यात निघणार असेल तर पाचही फोटो आधी झेरॉक्स करून बघा. हिरव्या लावणीचा आणि तांबड्या मातीचा करडा रंग एकसारखाच येतो, तेव्हा लावणी रंगावरून नाही, रोपांच्या आकारावरून आणि साचलेल्या पाण्यातल्या प्रतिबिंबावरून ओळखू यायला हवी. येत नसेल तर काठी कुंपणाच्या आणखी जवळ रोवून पुन्हा काढा.