गोबरगॅसचा घुमट गळतो कुठून? गिलाव्यातल्या या चुका टाळा

मराठवाड्यात गोबरगॅसचं बांधकाम बहुतेकदा उन्हाळ्यात निघतं. शेत मोकळं असतं, गवंडीही मिळतो. पण सिमेंटला त्याच दिवसांत सगळ्यात जास्त त्रास होतो. विटांच्या पक्क्या घुमटाच्या संयंत्रात खालच्या टाकीतली बारीक गळती शेणकाला हळूहळू स्वतःच बुजवतो. वर घुमटात नुसता गॅस असतो, तिथलं छिद्र कोणी बुजवत नाही. म्हणून खड्ड्याच्या भिंतीपेक्षा घुमटाच्या आतल्या गिलाव्यावर जास्त डोळा ठेवा.

औशाकडच्या एका शेतकऱ्याचं 2 घनमीटरचं संयंत्र घ्या. विटा खणखणीत, सिमेंट ताजं, तरी शेण टाकण्याआधीच्या चाचणीत हवा टिकेना. आतला गिलावा गवंड्याने दोन दिवसांत केला होता. पहिल्या दिवशी घुमटाच्या निम्म्यापर्यंत पोहोचला आणि ऊन चढल्यावर काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या कडेलाच नवा माल लावला. डोळ्यांना जोड दिसत नव्हता, पण त्या कडेने घुमटाभोवती एक बारीक रेघ राहिली होती.

गिलाव्याचा एक थर एका दमात, पूर्ण घुमटावर झाला पाहिजे. त्यासाठी दोन गवंडी लावा आणि पहाटे काम धरा. विटांचे सांधे खरवडून, पाणी मारून आधी सिमेंटचा पातळ घोल ब्रशने लावायचा. त्यावर 1:3 मालाचा साधारण 10 मिलिमीटर जाडीचा थर द्यायचा. दुसऱ्या दिवशी, तो ओलसर असतानाच, पुन्हा घोल आणि त्यावर पातळ थर. शेवटी सिमेंटमध्ये ॲक्रिलिक इमल्शन मिसळून दोन हात द्यायचे. अनेक गवंडी 25 मिलिमीटरचा एकच जाड थर थापतात. काम लवकर उरकतं, पण जाड थर स्वतःच्या वजनाने खाली सरकतो आणि विटेपासून सुटतो. थापीच्या मुठीने ठोकून बघा, सुटलेल्या जागी पोकळ आवाज येतो.

दुसरी दुखरी जागा म्हणजे घुमट जिथे भिंतीवर बसतो तो कोपरा. तिथे नुसता काटकोन न ठेवता मालाची गोल गोलाई काढा. वरच्या गॅस पाइपाभोवतीही हीच काळजी घ्या.

माल कालवला की अर्ध्या-पाऊण तासात संपला पाहिजे. घट्ट होऊ लागलेल्या मालात पाणी ओतून तो पुन्हा वापरला तर त्याला ताकद राहत नाही. वाळूत माती किती, हे बरणीत कळतं: 10 सेंटिमीटर वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ. हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला मातीचा थर 8 मिलिमीटरपेक्षा जाड दिसला तर वाळू धुऊन घ्या. विटाही आधी भिजवा. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. गिलाव्याला किमान 10 दिवस ओलं ठेवा, उन्हाळ्यात बाहेरून गोणपाट टाका.

काळ्या रानात खड्डा घेतला असेल तर भिंतीमागे काळी माती परत भरू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दोन्ही वेळा भिंतीला हलवते. मुरूम भरा, थर-थर ओलवून धुम्मस करा.

आता चाचणी. टाकीत पाणी भरा आणि आधी गॅसचा कॉक उघडा ठेवून पाण्याची पातळी टिकते का बघा. नवी भिंत पाणी पिते, म्हणून एक दिवस जाऊ द्या. मग पाइपाला पारदर्शक नळी यू आकारात जोडा, तिच्यात पाणी घाला आणि घुमटात हवा दाबली जाईल इतकं पाणी टाकीत वाढवा. नळीतल्या दोन पातळ्यांमधला फरक म्हणजे दाब. घुमटावर माती नसताना 15 सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नका. 1 सेंटिमीटर पाण्याचा दाब प्रत्येक चौरस मीटरला आतून 10 किलो उचलतो आणि पातळ घुमटाचं स्वतःचं वजन तेवढ्याच जागेला 200 किलोंच्या आसपासच असतं. वीट दाब सोसते, ताण सोसत नाही.

दुपारच्या उन्हाने आतली हवा फुगते. म्हणून रीडिंग दोन्ही दिवस पहाटेच घ्या. औशाच्या संयंत्रात 15 सेंटिमीटर भरले होते, दुसऱ्या पहाटे 9 उरले. बाहेरून साबणाचा फेस फिरवल्यावर घुमटाच्या मधोमध ओळीने बुडबुडे आले. हवा आत शिरते तिथूनच बाहेर निघेल असं नाही, तरी ओळ बघून जोड कळला. पाणी उपसून त्या रेघेभोवती हातभर पट्टा खरवडला, घोल लावून 1:3 माल भरला आणि सगळ्या घुमटाला पुन्हा एक हात दिला. माती टाकण्याआधी हे निघालं म्हणून एवढ्यावर भागलं.

चालू संयंत्रात संशय आला तर रात्री कॉक बंद करा आणि निकास टाकीतली पातळी खडूने खुणावा. गॅस साचतो तशी ती चढते. सकाळी खाली दिसली तर गळती आहे. आधी कॉक आणि पाइपाचे जोड साबणाने तपासा. गळती काडी पेटवून शोधू नका. घुमटातच असेल तर दुरुस्तीसाठी टाकी रिकामी करावी लागते. शेण पडलेल्या टाकीत मात्र उघडी आहे म्हणून कोणी उतरू नये. आतला वायू माणसाला क्षणात बेशुद्ध करतो, वाचवायला उतरलेलाही त्यातच सापडतो. हे काम साधनं असलेल्या जाणकारांकडूनच करून घ्या.