आठवड्याचा पगार चारने गुणू नका

वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये ओळखीच्या पोराला बाजाराच्या दिवशी, दर आठवड्याला ३,५०० रुपये मिळायचे. जालन्यातून महिना १४,५०० ची नोकरी आली. त्यानं चारने गुणलं, १४,००० आले, आणि पाचशे वाढले म्हणून गडी खूश!

पण महिना फक्त फेब्रुवारीतच २८ दिवसांचा असतो, तोही दरवर्षी नाही. वर्षात आठवडे ५२, म्हणून आधी वर्षाची रक्कम काढायची: ३,५०० × ५२ = १,८२,०००. तिला १२ ने भागलं की महिन्याला सुमारे १५,१६७ रुपये. म्हणजे नवी नोकरी ६६७ रुपयांनी कमीच. उलट हिशोबही असाच: १४,५०० × १२ ÷ ५२, आठवड्याला सुमारे ३,३४६.

खरी गफलत पंधरवड्यात होते. दर १४ दिवसांनी, म्हणजे एक आड एक शनिवारी पैसे मिळत असतील तर वर्षात २६ हप्ते. एक ते पंधरा आणि सोळा ते महिनाअखेर असा हिशोब असेल तर २४ च. हप्ता ७,००० चा धरला तर वर्षाला १४,००० रुपयांचा फरक. त्यामुळे ‘पंधरा दिवसांनी’ एवढ्यावर थांबू नका, पगाराच्या तारखा विचारा. दर वेळी वार तोच असेल तर २६, तारखा त्याच असतील तर २४.

रोजावर काम असेल, खाड्याचे पैसे कापत असतील, तर ५२ धरू नका. वर्षात प्रत्यक्ष भरलेले दिवस गुणिले रोज, भागिले १२.