रेटिंगमुळे आयडी बंद पडला? अपील असं लिहा

मी पुण्यात नऊ वर्षं कॅब चालवतोय. एकदा माझाही आयडी कमी रेटिंगमुळे बंद पडला होता. तेव्हापासून स्टँडवरच्या बऱ्याच जणांची अपिलं लिहून दिली आहेत. कोणी "रोज मेल टाकत राहा" सांगतो, कोणी "घरची अडचण लिही, दया येईल" म्हणतो, तर कोणी भावाच्या कागदांवर नवा आयडी काढायला लावतो. यातलं काहीही करू नका. सेल्फी पडताळणीत दुसऱ्याचा चेहरा सापडला की रेटिंगचं प्रकरण फसवणुकीचं होतं. तिथून परत आलेला आयडी मी अजून पाहिलेला नाही.

पहिलं काम: मेसेज नीट वाचा. कारण कमी रेटिंगच आहे ना? परमिट संपलं असेल, जादा पैसे मागितल्याची किंवा गैरवर्तनाची तक्रार असेल, तर पुढचं उपयोगाचं नाही.

दुसरं: स्क्रीनशॉट काढा. अ‍ॅप पूर्ण बंद होण्याआधी रेटिंगचं पान, कोणते स्टार किती मिळाले तो तक्ता, ग्राहकांचे शेरे, ट्रिपची यादी आणि चॅट हे सगळं जपून ठेवा.

तिसरं: घसरण कधी आणि कशामुळे झाली ते शोधा. मी इथेच फसलो होतो. माझ्या पहिल्या अपिलात मी दोन पानं भरून गाडीचा हप्ता, मुलांची फी, आजवरची प्रामाणिक सेवा असं सगळं लिहिलं. दोन दिवसांत "निर्णय कायम" असं उत्तर आलं. ते वाचणाऱ्याला माझ्या हप्त्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला एकच गोष्ट ठरवायची होती: या ड्रायव्हरला परत रस्त्यावर सोडला तर पुढचा ग्राहक खूश होईल का? त्याचं उत्तर माझ्या पत्रात कुठेच नव्हतं.

हडपसरच्या एका मित्राचं प्रकरण सांगतो, म्हणजे कळेल. त्याच्या अ‍ॅपमध्ये शेवटच्या ५०० रेटिंगची सरासरी धरतात आणि त्याला दिलेली मर्यादा ४.५ होती. त्याचा तक्ता असा होता: पाच स्टार ३८४, चार स्टार ४१, तीन स्टार १९, दोन स्टार १३ आणि एक स्टार ४३. सरासरी ४.४२. तो म्हणत होता, "लोकच वाईट झालेत." पण मे महिन्यात त्याने बायकोला कमाईचा एक स्क्रीनशॉट पाठवला होता. त्यात रेटिंग ४.७१ होतं आणि एक स्टार फक्त १४. म्हणजे दहा आठवड्यांत एक स्टार निदान २९ ने वाढले. हे २९ बाजूला ठेवले तर उरलेल्या ४७१ ची सरासरी ४.६३ येते. माणूस तोच, गाडी तीच. मग त्या दहा आठवड्यांत बदललं काय?

बदललं होतं भाडं. जूनपासून तो रात्री लोहगाव विमानतळाची भाडी घ्यायला लागला होता. तिथे अ‍ॅपच्या गाड्या प्रवाशाला टर्मिनलच्या दारात नाही, एरोमॉलच्या पार्किंगमध्ये घेतात. बॅगा ओढत तिथवर चालत आलेला माणूस आधीच चिडलेला असतो, आणि त्याचा राग ड्रायव्हरच्या स्टारवर निघतो. मित्राकडे "टर्मिनलला या, मी येणार नाही" अशा चॅटचे सहा स्क्रीनशॉट होते. ट्रिपच्या यादीत त्या काळातल्या २१२ भाड्यांपैकी १३१ विमानतळाची निघाली.

इथे एक सावधगिरी बाळगा. कोणत्या प्रवाशाने किती स्टार दिले हे अ‍ॅप ड्रायव्हरला दाखवत नाही. म्हणून "सगळे २९ एक स्टार विमानतळाचेच" असं लिहू नका. कंपनीकडे खरा हिशोब असतो. त्यातले पाच जरी दुसरीकडचे निघाले तरी तुमच्या बाकीच्या पत्रावर कोणी विश्वास ठेवणार नाही. "याच काळात वाढले, तुमच्या नोंदीत तपासा" एवढंच म्हणा.

आणि स्वतःची चूक असेल ती कबूल करा. मित्राच्या शेऱ्यांमध्ये चार ठिकाणी "उद्धट बोलला" असं होतं. तो आधी मानायला तयार नव्हता. मग म्हणाला, "रात्री दोन वाजता तिसऱ्यांदा तेच समजवायचं म्हणजे आवाज चढतोच की." मग तेही लिहायचं. शेरे समोर दिसत असताना "माझी काहीच चूक नाही" म्हणणारं पत्र तिथेच संपतं.

चौथं: अपील लिहा. दहा-बारा ओळी पुरेत. आधी मराठीत पक्कं करा, मग साध्या हिंदीत किंवा इंग्रजीत करून पाठवा. तिकीट कोणत्या शहरात बसलेला माणूस उघडेल ते आपल्या हातात नसतं. मित्राचं पत्र असं होतं:

"माझा आयडी रेटिंग ४.४२ असल्यामुळे बंद झाला आहे. मे महिन्यात ते ४.७१ होतं. जूनपासून मी पुणे विमानतळाची भाडी घेतली, २१२ पैकी १३१. याच काळात एक स्टार १४ वरून ४३ झाले. पिकअप एरोमॉलमध्ये असल्याने प्रवासी नाराज होत होते, सहा चॅट जोडले आहेत. कृपया तुमच्या नोंदीत तपासा. चार प्रवाशांनी माझ्या बोलण्याची तक्रार केली आहे, ती खरी आहे. यापुढे भाडं स्वीकारताच मी पिकअपची जागा मेसेजने कळवीन आणि दोन महिने रात्रीची विमानतळाची भाडी घेणार नाही. माझा आयडी सुरू करून पुढच्या १०० रेटिंगवरून माझं काम तपासावं, ही विनंती."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि तेच बहुतेक जण विसरतात. आयडी चालू झाला तरी रेटिंग ४.४२ च राहतं. नवं रेटिंग आलं की सर्वांत जुनं गळतं, आणि जुनी रेटिंग तर चांगल्या दिवसांतली असतात. पुढची १०० च्या १०० पाच स्टार मिळाली आणि गळलेल्या १०० ची सरासरी ४.७ असली, तरी आकडा ४.४८ वरच येतो. म्हणजे काही चूक न करता तो पुन्हा बंद पडू शकतो. म्हणून मुदत अपिलातच मागून घ्या.

भाड्याच्या दराचं भांडण या पत्रात आणू नका. दराबद्दल आपलं म्हणणं बरोबर असेल, पण इथे त्याचा अर्थ "हा जादा पैसे मागतो" असाच काढला जातो. कर्नाटकाचा २०२५ चा कायदाही दाखवू नका. काम बंद करण्याआधी १४ दिवसांची नोटीस त्यात आहे, पण तो पुण्याला लागू होत नाही.

पाचवं: पाठवा. अ‍ॅपच्या मदत विभागातून एकच तिकीट टाका आणि पुढचं सगळं त्याच तिकिटात लिहा. नवं तिकीट उघडलं की नवा माणूस येतो आणि जुने पुरावे मागे राहतात. कंपनीचं ऑफिस असेल तर तिकीट क्रमांक आणि छापील पत्र घेऊन जा.

नकार आला तर तेच पत्र परत पाठवू नका. विमानतळाच्या भाड्यांचं रेटिंग आणि बाकीच्या भाड्यांचं रेटिंग वेगवेगळं काढून द्या, एवढं एकच मागा. मित्राने तेच मागितलं. नवव्या दिवशी एक प्रशिक्षणाचा व्हिडिओ पाहायला लावून त्याचा आयडी सुरू केला. आता तो सकाळी मगरपट्टा ते हिंजवडी मारतो आणि दर रविवारी रेटिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवतो.