इंजिन लाइट, P0420 आणि घसरलेलं मायलेज

इंजिन लाइट लागली आणि स्कॅनरवर P0420, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड, आला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला." होकार देण्याआधी मायलेज मोजा. निकामी झालेला कन्व्हर्टर धूर साफ करत नाही, पण तो तुंबलेला नसेल तर पेट्रोल जास्त पीत नाही. मायलेज पडलं असेल, तर बहुधा कन्व्हर्टरच्या अलीकडे काहीतरी बिघडलेलं असतं.

मोजायचं टाकी फुल ते फुल, एकाच पंपावर. माझी गाडी फोंडा-पणजी रोज करते. आधी २८ लिटरमध्ये ४४८ किलोमीटर, म्हणजे १६ चं मायलेज. लाइट लागल्यावर तेवढ्याच पेट्रोलात ३७८ किलोमीटर, म्हणजे साडेतेरा.

मग ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा. कोड लिहून ठेवल्याशिवाय पुसू नका. इंजिन नीट तापवून आरपीएम अडीच हजारांवर धरा आणि दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बघा. कन्व्हर्टरच्या आधीचा, B1S1, ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली होतो. नंतरचा, B1S2, साधारण ०.६-०.७ वर शांत बसतो. तोही पहिल्यासारखाच नाचत असेल, तर कन्व्हर्टर खरंच संपत आलाय. पहिलाच आळसावला असेल, तर सेन्सर बदला. (काही नव्या गाड्यांत पहिला सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, तिथे हे आकडे लागू नाहीत.)

माझ्याकडे पहिला सेन्सर छान नाचत होता, पण LTFT, म्हणजे पेट्रोल कमी-जास्त करण्याचा कॉम्प्युटरचा दीर्घकालीन आकडा, +१८ दाखवत होता. म्हणजे कॉम्प्युटर नेहमीपेक्षा १८ टक्के जास्त पेट्रोल ओतत होता. १६ ला १.१८ ने भागून बघा, साडेतेराच येतात. प्लगही काजळीने काळे होते. पेट्रोल भरपूर मिळतंय आणि सेन्सर मात्र "कमी पडतंय" म्हणतोय, तेव्हा सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टमध्ये बाहेरची हवा शिरतेय असा संशय घ्यावा. इनटेकला गळती असती तरी LTFT वर गेला असता, पण प्लग असे काळे झाले नसते.

ही गळती सकाळी थंड इंजिनवर शोधा. बॉनेट उघडून गाडी चालू केली तर इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ बारीक टिक-टिक ऐकू येते आणि धातू तापून फुगला की ती थांबते. म्हणून गॅरेजपर्यंत गेलेल्या गाडीत ती सापडत नाही! जोडाजवळ काळा ओघळही दिसतो.

त्या जोडातली सील, म्हणजे गॅस्केट, बदलायला सांगताना मेस्त्रीला नट-बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारायला सांगा. आपल्या खाऱ्या हवेत ते जाम होतात, आणि ओढाताणीत स्टड तुटला तर काम दुप्पट वाढतं.

लाइट लुकलुकत असेल तर मात्र मोजत बसू नका. ते मिसफायरचं लक्षण. न जळलेलं पेट्रोल आत जाऊन कन्व्हर्टर लालबुंद होतो, त्यामुळे गाडी सुक्या गवतावर उभी करू नका.

गॅस्केट बदलून कोड पुसल्यावर माझा LTFT +३ वर आला. पुढच्या टाकीला पंधरा पूर्णांक आठ मिळाले, आणि कन्व्हर्टर अजून जुनाच आहे.